दोन पानांचं पत्र आणि चार शब्द : तिसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. ही हकिगत ज्या शाळेतली आहे तिथे मी आठवड्यातून दोन दिवस जात असे, मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलांची, पालकांची आणि शाळेची ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

तिसरीचा वर्ग, 34 मुलं. पत्र लिहिणाऱ्या बाईंचा मुलगा 8 वर्षांचा, अभ्यासात बरा, बोलका. घरात आई, बाबा, आजोबा आणि 4 वर्षांची धाकटी बहीण. त्याआधी शाळेकडे या मुलाची एकही तक्रार आलेली नव्हती आणि आईनेही शाळेला कधी पत्र लिहिलेलं नव्हतं. हे सांगते आहे कारण मुख्याध्यापकांच्या टेबलावर रोज येणाऱ्या कागदांत काही हस्ताक्षरं ओळखीची झालेली असतात आणि ती उघडण्याआधीच अर्धी वाचलेली असतात. हे पत्र तसं नव्हतं. सोमवारी सकाळी कार्यालयात बंद पाकिटात आलं आणि सरांनी ते दुपारी वाचलं.

पत्र

आईच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग इथे देते.

"माननीय मुख्याध्यापक सर, गेल्या तीन आठवड्यांपासून माझा मुलगा घरी अतिशय घाणेरडे शब्द बोलू लागला आहे. ते शब्द मी इथे लिहू शकत नाही. आमच्या घरात असं कोणीही बोलत नाही. सुरुवातीला आम्ही दुर्लक्ष केलं, मग समजावलं, मग ओरडलो. उपयोग झाला नाही. काल माझ्या चार वर्षांच्या मुलीने पाहुण्यांसमोर त्यातला एक शब्द उच्चारला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुलाला विचारलं तेव्हा त्याने वर्गातल्या दोघांची नावं सांगितली. (इथे दोन मुलांची पूर्ण नावं होती.) त्यांना योग्य ती समज द्यावी आणि माझ्या मुलाची जागा त्यांच्यापासून लांब करावी, शक्य असल्यास तुकडी बदलावी, ही विनंती. आम्ही मुलाला शाळेत पाठवतो ते चांगलं शिकण्यासाठी. हे शब्द तो जन्मभर विसरणार नाही अशी मला भीती वाटते. आपण उत्तर द्याल अशी आशा आहे."

पत्रात काय होतं, काय नव्हतं

हे पत्र आजही वाचलं की त्याचा प्रामाणिकपणा जाणवतो. लाज आहे, भीती आहे, शाळेवर थोडा राग आहे. काय घडलं, कोणी केलं आणि शाळेने काय करावं, हे तिन्ही त्यात आहे. फक्त ज्या शब्दांमुळे हे सगळं झालं ते शब्द नाहीत.

ते नसणं स्वाभाविक होतं. पण त्यामुळे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने मनात आपापले शब्द घातले. सरांना वाटलं, आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या असणार. वर्गशिक्षिकेला वाटलं, शी-शूचे शब्द असतील, या वयात असतातच. मला वाटलं, लैंगिक अर्थाचे असतील आणि मग मुलाने नक्की काय पाहिलं-ऐकलं हे तपासावं लागेल. तिघं एकच पत्र वाचून तीन वेगळ्या प्रकरणांवर बोलत होतो आणि हे आमच्या लक्षात यायला दोन दिवस गेले.

दुसरी पोकळी नावांमागची. "त्याने दोघांची नावं सांगितली" एवढंच पत्रात होतं. ती कशी सांगितली गेली, कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, हे नव्हतं. आठ वर्षांच्या मुलासमोर रागावलेली आई उभी राहून "कोणी शिकवलं, नाव सांग" म्हणाली की नाव मिळतंच. मिळालेलं नाव म्हणजे माहिती असते का, हा वेगळा प्रश्न.

पहिलाच निर्णय चुकला

मी मंगळवारी शाळेत पोचेपर्यंत एक गोष्ट होऊन गेली होती. सोमवारी शेवटच्या तासाला सरांनी पत्रातल्या पहिल्या मुलाला कार्यालयात बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. "तू वर्गात कोणते शब्द बोलतोस?" एवढंच विचारलं. मुलगा गप्प राहिला, मग रडला, मग वर्गात परत गेला. संध्याकाळी त्याने घरी सांगितलं आणि रात्री त्याच्या वडिलांचा सरांना फोन आला : "माझ्या मुलाचं नाव कोणी घेतलं?"

सरांच्या बाजूने सांगायचं तर त्यांना आईला लवकर उत्तर द्यायचं होतं आणि हातात नाव होतं. हातात नाव असलं की चौकशी तिथूनच सुरू होते. पण त्या एका बोलावण्याने एका घराचं प्रकरण दोन घरांचं झालं. शिवाय तो प्रश्नच असा होता की त्याला मुलाकडे उत्तर असू शकत नव्हतं. खरं सांगितलं तर त्याला सरांसमोर शिवी उच्चारावी लागणार आणि नाही सांगितलं तर तो खोटारडा ठरणार.

समोर असलेले पर्याय

मंगळवारी दुपारी सर, वर्गशिक्षिका आणि मी बसलो.

पहिला पर्याय आईने मागितलेला : दोघांना समज आणि मुलाची जागा किंवा तुकडी बदलणं. यात वेग होता. पण शब्द दोनच मुलांकडे आहेत असं धरून चालावं लागलं असतं. शेजारच्या तुकडीत ते शब्द नाहीत असं वर्गशिक्षिकेला छातीठोकपणे सांगता येईना. ती म्हणाली, "तिथे तर जास्त आहेत."

दुसरा, सगळ्या पालकांना परिपत्रक. शाळांना हा मार्ग आवडतो, कारण काहीतरी केल्याची नोंद राहते. अडचण अशी की परिपत्रकात शब्द लिहिता येत नाहीत, म्हणजे पुन्हा तीच पोकळी, या वेळी 34 घरांत. प्रत्येक घरात तोच प्रश्न विचारला जाणार, "कोण बोलतं, नाव सांग," आणि संध्याकाळपर्यंत नावांची यादी तयार.

तिसरा, काही न करणं. या पर्यायाला वाटतो तितका कमी आधार नाही. तिमथी जे आणि क्रिस्टिन जे या संशोधकांनी 2013 साली लहान मुलांच्या शिव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की मुलं शाळेत येतात तेव्हाच मोठ्यांच्या शिव्यांचा पाया त्यांच्याकडे तयार असतो, आणि सौम्य शब्द किती वाईट आहेत याबद्दल मुलांचं आणि मोठ्यांचं मत जुळत नाही. थोडक्यात, शाळेत हे शब्द असणं ही शाळा बिघडल्याची खूण नाही. पण "या वयात होतंच" असं त्या आईला लिहून पाठवणं म्हणजे तिचं पत्र घडी करून परत देणं होतं. त्यात कोणाला काही लागत नाहीये, हेही आम्हाला अजून माहीत नव्हतं.

चौथा पर्याय कंटाळवाणा होता. आईला त्याच दिवशी पोच द्यायची, तिला भेटून नेमके शब्द समजून घ्यायचे, वर्गात एक आठवडा नुसती नोंद करायची आणि मग ठरवायचं. यात आठवडा जाणार होता आणि त्या आठवड्यात शाळा ढिम्म आहे असं आईला वाटण्याचा धोका होता. म्हणून पत्रोत्तरात तारीख घालायची असं ठरलं.

सरांनी लिहिलेलं उत्तर पाच वाक्यांचं होतं : "आपलं पत्र मिळालं. आपण हे थेट आम्हाला लिहिलंत याबद्दल आभारी आहे. उद्या आपल्याला वेळ असल्यास वर्गशिक्षिका आणि समुपदेशक आपल्याशी बोलतील. वर्गात नेमकं काय चाललं आहे हे आम्ही पुढचा आठवडा पाहणार आहोत आणि त्यानंतरच्या मंगळवारी आपल्याला काय आढळलं ते सांगू. तोपर्यंत कोणत्याही मुलाचं नाव इतर पालकांपर्यंत जाऊ नये, याची काळजी आपण दोघांनी घेऊ या."

शेवटच्या वाक्यातलं "आपण दोघांनी" सरांनी स्वतःहून घातलं होतं. सोमवारच्या बोलावण्याची ती अर्धी कबुली होती असं मला वाटतं.

आईची भेट

बुधवार माझा दिवस नव्हता, तरी गेले. भेट चाळीसेक मिनिटं चालली. शब्द विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या तोंडून नाही निघणार." मी कागद आणि पेन पुढे केलं. त्यांनी चार शब्द लिहिले, मध्ये दोनदा हात थांबला, आणि कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला.

चार शब्द चार जातीचे होते. एक शी-शूचा. एक गुप्त अवयवाचा, रस्त्यावरचा शब्द. एक आईवरून दिली जाणारी शिवी. चौथा कुठल्याशा व्हिडिओ गेममधला परभाषेतला शब्द, ज्याचा अर्थ आईलाही पक्का माहीत नव्हता. आवाजावरून घाण वाटला म्हणून यादीत आला होता.

मग प्रत्येक शब्दाला तीनच प्रश्न विचारले : कधी बोलला, कोणाला बोलला, आणि कोणत्या आवाजात. इथे प्रकरणाने पहिल्यांदा आकार घेतला. शी-शूचा शब्द तो आंघोळ करताना म्हणतो आणि स्वतःच खिदळतो. अवयवाचा शब्द त्याने बहिणीला हसवायला वापरला, आणि पाहुण्यांसमोर निघाला तो हाच. आईवरची शिवी एकदाच, पेन्सिलीचं टोक तुटलं तेव्हा, पुटपुटत. गेममधला शब्द दिवसभर, कशालाही, उद्गारासारखा. चारही शब्दांत घरातल्या कोणालाही उद्देशून एकही नव्हता. हे आईच्या लक्षात आलं तेव्हा त्या थोड्या सैल झाल्या.

"घरी तुम्ही काय केलंत?" असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते सगळ्या घरांत घडतं तसंच होतं. अवयवाचा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा आजोबांना हसू आवरलं नाही. दुसऱ्यांदा बाबा ओरडले. तिसऱ्यांदा आईने तोंडावर चापट मारली. एका शब्दावर तीन माणसांची तीन उत्तरं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर एवढा जोर असलेला दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता. "पाणी" म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, हा शब्द म्हटला की घर उभं राहतं.

मुलाचं म्हणणं

शुक्रवारी मुलाशी बोलले. शब्दांबद्दल लगेच विचारलं नाही. मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर खेळतं याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने मैदान काढलं, त्यात दोन घोळके आणि स्वतःला एका कडेला. त्या दोन मुलांनी पंधरा दिवसांपूर्वी त्याला आपल्या संघातून काढलं होतं. आईने नाव विचारलं तेव्हा सगळ्यात आधी तीच दोन नावं तोंडावर आली.

तो खोटं बोलला होता असं नाही. ते दोघं ते शब्द बोलत होतेच. वर्गातली निम्मी मुलं बोलत होती. म्हणजे आईचं "वर्गातून आले" हे बरोबर होतं, "या दोघांकडून आले" हे नव्हतं.

आईवरच्या शिवीचा अर्थ त्याला काय वाटतो हे विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे 'लवकर कर ना'." कारण जिन्यावर रांग अडली की मागची मुलं तो शब्द म्हणतात. मी त्याला सांगितलं, "नाही. हा शब्द समोरच्याच्या आईबद्दल फार घाण काहीतरी बोलतो, म्हणून लोक तो ऐकून भांडायला उठतात." त्याने डोळे मोठे केले आणि विचारलं, "माझ्या आईबद्दल पण?" आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त अर्थ सांगायची गरज पडत नाही, आणि याहून कमी सांगितलं तर तो अर्थ मैदानावर शोधतो.

वर्गातली नोंद

वर्गशिक्षिकेने पाच दिवस खिशात एक छोटं कार्ड ठेवलं. त्यावर मुलांची नावं लिहायची नाहीत असं ठरलं होतं. वेळ, जागा, शब्दाचा प्रकार, आणि कोणाला उद्देशून, एवढंच. त्याखाली मी एक जास्तीची ओळ घातली होती : "शब्द कोणताही असो, तो ऐकून एखादं मूल गप्प झालं किंवा बाजूला झालं तर तेही लिहा."

पाच दिवसांत 23 नोंदी झाल्या. तास चालू असताना फक्त एक. सतरा नोंदी जिन्यावर आणि हात धुण्याच्या नळापाशी. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गांनी मैदान सोडेपर्यंत तिसरीची मुलं रोज दहा-बारा मिनिटं जिन्यावर रांगेत खोळंबून उभी असायची. वरच्या टोकाला शिक्षिका, खालच्या टोकाला कोणी नाही, आणि मधल्या वळणावर मोठी मुलं वर येताना, ही खाली जाताना. शब्द हस्तांतरित व्हायला याहून सोयीची जागा शाळेत दुसरी नव्हती.

पण ज्या ओळीमुळे प्रकरण फिरलं ती शेवटची. बुधवारी वर्गशिक्षिकेने मला विचारलं, "ही काही शिवी नाही, लिहू का?" वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. त्याने काही सांगायला तोंड उघडलं की तीन-चार मुलं त्याच्या पहिल्या अक्षराची तीनदा नक्कल करायची आणि मग त्याला यमक जुळवून एक ओळ म्हणायची. ओळीत एकही असभ्य शब्द नव्हता. कोणत्याही पालकाने ती ऐकली असती तर बडबडगीत समजून हसला असता. पाच दिवसांत हे पाचदा झालं आणि पाचही वेळा तो मुलगा बोलायचं सोडून मागे गेला. उरलेल्या अठरा नोंदींत कोणी गप्प झाल्याचं एकदाही लिहिलेलं नव्हतं.

ती ओळ रचली होती पत्र लिहिणाऱ्या आईच्या मुलाने.

सांगायचं की नाही

या टप्प्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. सर म्हणाले, "त्यांनी तक्रार केली आणि आपण उलट त्यांच्याच मुलाची तक्रार सांगतोय असं होईल. पुन्हा कोणी आई पत्र लिहिणार नाही." भीती खरी होती. तक्रारदाराचं मूलच दोषी निघालं की शाळांना जो सुप्त आनंद होतो तो मी पाहिलेला आहे, आणि पालकांना त्याचा वास लगेच येतो.

दुसरी बाजू अशी की न सांगणं म्हणजे त्या अडखळणाऱ्या मुलाचं प्रकरण गाडून टाकणं. शेवटी दोन गोष्टी दोन दिवशी सांगायचं ठरलं. मंगळवारी, कबूल केल्याप्रमाणे, पत्राचं उत्तर : शब्दांचं काय आढळलं आणि शाळा काय करणार. त्यात नकलेचा उल्लेख नाही. नकलेबद्दल शुक्रवारी वेगळी भेट, फक्त वर्गशिक्षिका आणि मी.

शुक्रवारी आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पत्र माझ्यावरच उलटलं." वर्गशिक्षिकेने उत्तर दिलं ते मी लिहून ठेवलं आहे : "तुमचं पत्र आलं नसतं तर मी कार्ड खिशात ठेवलं नसतं. मी रोज त्या वर्गात असते आणि मला हे दिसलं नव्हतं." त्यानंतर भेट सोपी झाली असं म्हणणार नाही, पण पुढे सरकली.

काय केलं

जिन्याचं काम सगळ्यात आधी झालं आणि त्याला कोणाला समज द्यावी लागली नाही. तिसरीची सुट्टी दहा मिनिटं उशिरा सुरू केली. मैदान रिकामं झाल्यावरच मुलं वर्गाबाहेर पडू लागली. नळापाशी एक शिक्षक उभे राहू लागले.

वर्गात एक तास घेतला, पस्तीस मिनिटांचा. शब्द कोणीही उच्चारायचे नाहीत. प्रत्येकाने एक शब्द मनात धरायचा आणि ठरवायचं : मला काही लागलं की हा शब्द तोंडातून निघतो, की हसवायला काढतो, की कोणाला लागावा म्हणून फेकतो? पहिल्या दोन प्रकारांसाठी मुलांनी स्वतःच पर्याय सुचवले, त्यातले काही मूळ शब्दांपेक्षा मजेदार होते. शरीराच्या अवयवांना साधी, खरी नावं असतात आणि ती डॉक्टरांसमोर वापरता यायला हवीत, हे वर्गशिक्षिकेने न लाजता सांगितलं. तिसऱ्या प्रकाराला पर्याय नाही. तिथे फक्त थांबायचं असतं. एका मुलाने विचारलं, "मनातल्या मनात दिली तर?" बाई म्हणाल्या, "तेवढं तुझं तू बघ." वर्ग हसला आणि तासाचा ताण उतरला.

नकलेबद्दल वर्गात एक शब्दही काढला नाही. अडखळणाऱ्या मुलाला आधी विचारलं होतं की त्याला काय हवं आहे. तो म्हणाला, "माझ्याबद्दल सगळ्यांसमोर बोलू नका." म्हणून नक्कल करणाऱ्या चौघांशी एकेकट्याने बोललो. यमक रचणाऱ्याला वर्गशिक्षिकेने "असं का केलंस" विचारलं नाही. तो अडखळणारा मुलगा रोज काय सांगायला जात होता आणि कुठे थांबत होता, एवढंच सांगितलं. एकदा तो फक्त पाणी प्यायला जाऊ का, असं विचारत होता.

या निमित्ताने वर्गशिक्षिकेला स्वतःचीही एक सवय दिसली. तो अडखळला की त्या चांगुलपणाने त्याचं वाक्य पूर्ण करून द्यायच्या. मूल अडखळतं तेव्हा वाक्य हिसकावून घ्यायचं नसतं, "सावकाश बोल" असंही सांगायचं नसतं. त्याच्याकडे पाहत थांबायचं आणि तो काय सांगतोय याला उत्तर द्यायचं. बाई थांबू लागल्या तेव्हा वर्गालाही थांबण्याचा अंदाज आला.

घरासाठी एकच गोष्ट ठरवली : तिन्ही मोठ्यांनी एकच वाक्य, एकाच सपाट आवाजात म्हणायचं. "हा शब्द आपण घरात वापरत नाही. राग आलाय तर राग आलाय म्हण." हसायचं नाही, चापट नाही, लांबलचक उपदेश नाही, आणि लगेच आपल्या कामाला लागायचं. धाकटीच्या बाबतीत तेवढंही नको, नुसतं विषय बदलणं पुरे. आईला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या काही दिवसांत शब्द वाढतील. ज्या गोष्टीला आजवर प्रतिसाद मिळत होता तो अचानक बंद झाला की मूल आधी जोर वाढवून पाहतं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला : "मॅडम, आज अकरा वेळा म्हणाला." मी विचारलं, आजोबा हसले का? "नाही, उठून आत गेले."

परिणाम

चार आठवड्यांनी पुन्हा पाच दिवस कार्ड ठेवलं. 23 ऐवजी 9 नोंदी. जिन्यावर दोन. मैदानावर थोड्या वाढल्या, म्हणजे काही शब्दांनी फक्त जागा बदलली. नकलेची एकही नोंद त्या आठवड्यात नव्हती. पण दोन महिन्यांनी तीच ओळ शेजारच्या तुकडीतून ऐकू आली, यमक थोडं बदलून. ओळ वर्गाबाहेर गेली असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी धाकटी तो शब्द आठवडाभरात विसरली. मुलाचे पहिले दोन शब्द महिन्याभरात गळाले. आईवरची शिवी अर्थ कळल्यापासून घरी ऐकू आली नाही, शाळेत काय होतं ते सांगता येत नाही. गेममधला शब्द टिकला. आईने त्याचा अर्थ शोधून काढला, तो अगदीच सौम्य निघाला, आणि त्यांनी तो यादीतून काढून टाकला. जागा किंवा तुकडी बदलण्याची मागणी त्यांनी स्वतःच मागे घेतली.

आज हेच पत्र आलं तर

पोच त्याच दिवशी देईन. सोमवारी दुपारी वाचलेल्या पत्राला मंगळवारी संध्याकाळी उत्तर गेलं. तो दीड दिवस आईने काय विचार करत काढला असेल हे नंतर त्यांच्याकडून ऐकलं.

शब्द पहिल्याच भेटीत कागदावर मागेन, आणि "कोणी" हा प्रश्न "कधी" आणि "कोणाला" यांच्या नंतर. बरेचदा तोवर तो विचारायची गरज उरत नाही.

कार्डावरची ती जास्तीची ओळ शेजारच्या तुकड्यांनाही देईन. आम्ही असभ्य शब्दांची यादी घेऊन वर्गात शिरलो होतो आणि सर्वांत जास्त लागणारी गोष्ट त्या यादीत बसतच नव्हती.

आणि सोमवारचं ते बोलावणं. सरांनी त्या मुलाच्या वडिलांची फोनवर माफी मागितली. वडिलांनी ती ऐकून घेतली, पण पुढच्या पालकसभेला ते आले नाहीत. मुलाची मात्र कोणी माफी मागितली नाही. मी दोनदा सुचवलं, सर म्हणाले, "आता तो विसरलाय, पुन्हा कशाला उकरायचं." मी तिसऱ्यांदा बोलले नाही, ते बोलायला हवं होतं. वर्ष संपत आलं तेव्हा एकदा वर्गशिक्षिकेने त्याला कार्यालयातून हजेरीपट आणायला पाठवलं. तो दारापर्यंत गेला, परत वळला आणि विचारलं, "बाई, मी काय केलं?"